जॅकेटात शिवलेला तापमान सेन्सर धुलाईनंतर चुकीचं का सांगतो

प्रश्न: आमचं सोलापुरात अक्कलकोट रोडला गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे. सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या विभागात, काम करणाऱ्यांसाठी बिनबाह्यांचं जॅकेट करून मागितलंय. आतलं तापमान ४२ अंशांवर गेलं की बझर वाजला पाहिजे. आम्ही १० किलोओहमचा एनटीसी सेन्सर चांदीच्या वाहक दोऱ्याने हाताने शिवला. पहिले काही दिवस बरोबर चाललं. सात-आठ धुण्यांनंतर दोरा काळपट झाला आणि आता गरम होऊनही बझर वेळेवर वाजत नाही. दोरा कुठेच तुटलेला नाही. चूक कुठे झाली, आणि किती धुण्यांची खात्री गिऱ्हाइकाला देता येईल?

उत्तर: बझर वाजत नाही यापेक्षा तो उशिरा वाजतो ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, कारण दोष नेमका कुठे आहे ते त्यातच कळतं. एनटीसी सेन्सरचा रोध तापमान वाढलं की घटतो. बाजारात सर्रास मिळणारा १० किलोओहमचा सेन्सर, ज्यावर बी-मूल्य ३९५० लिहिलेलं असतं, तो २५ अंशांना १०,००० ओहम असतो आणि ४२ अंशांना सुमारे ४,९०० ओहमवर येतो. त्या ठिकाणी एक अंश म्हणजे साधारण १९५ ओहम. तुमचं सर्किट सेन्सरचा आणि दोऱ्याचा रोध वेगळा ओळखत नाही, त्याला दोन्हींची बेरीज दिसते. दोऱ्याचा रोध वाढला की सर्किटला वाटतं सेन्सर थंड आहे.

चांदीचा दोरा म्हणजे नायलॉनच्या तंतूंवर चांदीचा अतिशय पातळ मुलामा. धुताना तो घासून निघतो, दोरा ताणला की त्याला बारीक भेगा पडतात, आणि ब्लीचमधल्या क्लोरीनने चांदीचं क्लोराइड होतं, जे वीज वाहून नेत नाही. आतला नायलॉन मात्र शाबूत राहतो, म्हणून दोरा ओढून पाहिला तर धडधाकट लागतो. समजा जाऊन-येऊन दोन्ही ओळी मिळून १,००० ओहमचा रोध वाढला. आता बझर वाजायला सेन्सरने ३,९०० ओहमवर यायला हवं, आणि ते होतं जवळपास ४८ अंशांना. म्हणजे ४२ला वाजायचा बझर ४८ला वाजतो. जॅकेट बंद पडलं असतं तर निदान कोणाच्या तरी लक्षात आलं असतं.

खात्री करायला मल्टिमीटर पुरेसा आहे. जॅकेट पूर्ण वाळवा, बॅटरी आणि सर्किट काढा. एक टोक खिशाकडच्या जोडावर आणि दुसरं सेन्सरजवळच्या दोऱ्यावर ठेवून प्रत्येक ओळ वेगळी मोजा. मग खिशाच्या जोडावर एक टोक आणि तिथून फक्त एक सेंटिमीटरवरच्या दोऱ्यावर दुसरं टोक ठेवून नुसता सांधा मोजा. ओळीत सगळीकडे सारखा रोध वाढलेला असेल तर मुलामा गेलाय. एका सेंटिमीटरच्या सांध्यातच दहा-वीस ओहम दिसले, किंवा जोड बोटाने हलवला की आकडा नाचला, तर सांधा सैल झालाय. बहुतेक वेळा दोन्ही सापडतात. उलटा दोषही लक्षात ठेवा: जॅकेट खरं असतं त्यापेक्षा जास्त तापमान दाखवत असेल, तर दोन ओळींमध्ये घाम शिरला आहे किंवा धातूच्या कुसा एकमेकींना टेकल्या आहेत, कारण त्याने एकूण रोध कमी होतो.

या कामाला दोरा बदलून स्टेनलेस स्टीलच्या तंतूंचा कातलेला दोरा घ्या, दोनपदरी. त्यात मुलामा नसतो, तंतू आतपर्यंत धातूचेच असतात, त्यामुळे निघून जायला काही नाही. मीटरला साधारण ५० ओहम रोध असतो. याचे तोटेही सांगून ठेवतो. स्टीलच्या दोऱ्याला डाग, म्हणजे सोल्डर, घालता येत नाही असंच धरून चाला. तो ताठर असल्यामुळे गाठ आपोआप सुटते, आणि कापलेल्या टोकाला बारीक कुसा निघतात. चांदीच्या दोऱ्याचा मऊपणा त्यात नाही. पण सायझिंगमधला माणूस जॅकेट अंगात घालणार, त्याच्यावर घाम येणार आणि धुणारा ते कसं धुणार हे आपल्या हातात नाही, तेव्हा मऊपणा सोडून दिलेला बरा.

सर्किट थेट जॅकेटवर न शिवता वेगळ्या पट्टीवर शिवा. पॉलिएस्टर-कॉटन ट्विलची चार सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या. तिच्यावर दोन्ही ओळी शिवून, सेन्सर बसवून, मोजून झाल्यावरच ती जॅकेटच्या अस्तराच्या आत बाजूच्या शिवणीला लागून लावा. यात दोन फायदे आहेत. सदोष पट्टी जॅकेट उसवल्याशिवाय बदलता येते, आणि तुमच्या नेहमीच्या कारागिरांना जॅकेट शिवताना वाहक दोऱ्याला हातही लावावा लागत नाही. पट्टी आणि अस्तर दोन्ही आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटणं नेहमीचंच आहे. ४० सेंटिमीटरला तो सव्वा ते दोन सेंटिमीटर होतो. दोरा आटत नाही, मग तो कापडावर फुगे धरून उभा राहतो आणि पुढच्या प्रत्येक धुण्यात ते फुगे आधी घासले जातात.

शिवताना वाहक दोरा बॉबिनमध्ये घाला, वर नेहमीचा पॉलिएस्टर दोरा. हा मुद्दा पुष्कळ जण उलटा करतात. वरचा दोरा टाक्यात बसण्याआधी सुईच्या नाकातून आणि ताणाच्या चकत्यांतून कितीतरी वेळा मागे-पुढे होतो. स्टीलचा दोरा तिथे पिसतो, चांदीचा असेल तर मुलामा शिवतानाच खरवडून निघतो. बॉबिनचा दोरा फक्त सरळ बाहेर येतो. बॉबिन मशीनच्या वेगाने भरू नका, हाताने किंवा अगदी हळू भरा, नाहीतर ताठर दोरा सैल पीळ टाकून बसतो. बॉबिन केसचा स्क्रू पाव फेरा सैल करा. दोऱ्याला धरून केस लटकवली की ती आपोआप खाली घसरू नये, हलका झटका दिल्यावर थोडी घसरावी. या कामासाठी वेगळी केस ठेवून तिच्यावर खूण करून ठेवली तर रोजच्या शिलाईचा ताण बिघडत नाही.

सुई ९० नंबरची, टाका तीन मिलिमीटरचा. वरचा ताण थोडा कमी ठेवा, म्हणजे वाहक दोरा पट्टीच्या खालच्या बाजूला जवळजवळ सरळ पडून राहील आणि वरचा दोरा त्याला फक्त जागेवर धरून ठेवेल. वरचा ताण जास्त झाला तर वाहक दोरा प्रत्येक टाक्याला वर खेचला जातो, पट्टीच्या सुलट्या बाजूला ठिपके दिसू लागतात, आणि त्या प्रत्येक ठिकाणी दोरा वाकून झिजतो. सुरुवातीला आणि शेवटी उलटी शिलाई मारू नका. दोन्हीकडे दहा सेंटिमीटर शेपूट सोडा, ते पुढे हाताने लागणार आहे. काम झालं की शटलची जागा ब्रशने झाडून घ्या. स्टीलचा भुसा तेलात मिसळून तिथेच बसतो.

प्रत्येक ओळीसाठी एकच धाव न मारता, तीन मिलिमीटर अंतरावर दोन धावा मारा आणि दोन्ही टोकांना एकत्र करा. गेलेली ओळ आणि आलेली ओळ यांच्यात मात्र दीड सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर कुसा भेटतात. हिशोब असा बसतो. सेन्सर पाठीच्या योकमध्ये, सर्किट कमरेजवळच्या खिशात, मधे ४० सेंटिमीटर. जाऊन-येऊन ८०, टाक्यांत खाल्लेला दोरा धरून ८६. एकेरी धावेचे सुमारे ४३ ओहम झाले असते, दुहेरीचे २२ होतात. ४२ अंशांच्या आसपास ते एका अंशाचा नववा भाग एवढेच आहेत, आणि प्रोग्राममध्ये वजाही करता येतात. एखादी धाव तुटली तरी एकूण रोध ३२च्या पुढे जात नाही आणि जॅकेट चालू राहतं. सेन्सर काखेत ठेवण्याचा मोह होतो, पण तिथे घाम आणि घडी दोन्ही सगळ्यात जास्त, म्हणून योकच बरा.

आता सांधा. मऊ दोरा आणि कडक भाग जिथे भेटतात तिथेच असे कपडे मरतात, म्हणून मजुरीचा बराचसा वेळ इथे धरा. सेन्सरचे पाय वाकवून त्यांच्या कड्या करून थेट शिवता येतात, पण ते पाय काही धुण्यांत वाकून तुटतात. त्यापेक्षा १२ ते १५ मिलिमीटरचा गोल छोटा बोर्ड करून घ्या, चार भोकांचा. भोकं तीन मिलिमीटरची आणि आतून धातूचा थर असलेली हवीत. बोर्डवर सोन्याचा मुलामा मागितलात तर थोडे पैसे जास्त लागतात, पण संपर्काची जागा गंजत नाही. भोकाची कड बोटाने तपासा. धारदार लागली तर ती दोरा कापणार, बारीक पॉलिश पेपरने मोडा. सेन्सरला डाग बोर्डवर घाला आणि फ्लक्स स्पिरिटने नीट पुसून काढा, कारण राहिलेला फ्लक्स ओल धरतो.

चार भोकांपैकी दोन वाहक दोऱ्यासाठी, दोन नुसत्या पॉलिएस्टर दोऱ्यासाठी. आधी पॉलिएस्टरने बोर्ड पट्टीवर घट्ट बांधा, म्हणजे ओढ लागली तर ती साध्या दोऱ्यावर येईल. मग वाहक शेपूट भोकातून पाच-सहा वेळा कसून गुंडाळा. डाग नसल्यामुळे इथला संपर्क फक्त दाबावर टिकतो. फेरा सैल पडला की साबणाची साय फटीत शिरते आणि रोध चढतो. बोर्डाआधीचे दोन सेंटिमीटर दोरा सरळ न आणता नागमोडी, थोडा सैल ठेवा.

गाठ मारल्यावर लगेच मोजा. एक सेंटिमीटरच्या सांध्यात एक ओहमपेक्षा जास्त दिसलं तर उसवून पुन्हा करा. मोजून झाल्यावरच गाठीवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब द्या, फक्त गाठीवर, मागच्या बाजूने. फेऱ्यांवर ओतलंत तर ते दोऱ्याच्या आणि बोर्डाच्या मधे झिरपून तिथेच इन्सुलेशन करून बसतं, आणि चांगला झालेला सांधा बिघडतो. म्हणून थेंब वाळल्यावर पुन्हा एकदा मोजा. मग कुसा कापा.

शेवटी सगळ्या बोर्डावर आणि त्याच्या कडेबाहेर पाच मिलिमीटरपर्यंत सिलिकॉनचा थर द्या. इथे दुकानातली पहिली हाताला लागेल ती ट्यूब घेऊ नका. ज्या सिलिकॉनला वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागा. इपॉक्सी लावायचंच असेल तर फक्त बोर्डाच्या मध्यभागी. ते कडेपर्यंत आणलं की कडक आणि मऊ यांची रेघ आणखी तीव्र होते आणि दोरा बरोबर त्या रेघेवर तुटतो. सिलिकॉन २४ तास वाळू द्या. थर जाड झाला तर सेन्सर तापायला वेळ लागतो, म्हणून मण्यावर पातळच ठेवा.

खिशाकडचं टोक धातूच्या प्रेस बटणांवर आणा. प्रत्येक ओळीला एक बटण, दोन बटणं वेगळ्या मापाची, म्हणजे सर्किट उलटं लागणार नाही. बटण टोचून बसवण्यापेक्षा शिवायचं घ्या आणि त्याच्या प्रत्येक भोकातून वाहक दोऱ्याचे चार-चार फेरे द्या. बॅटरी, बझर आणि सर्किट या बटणांवर लावून-काढून व्हायला हवं. ते कितीही चांगलं सील केलं तरी धुण्यात जाता कामा नये. ओल्या दोऱ्यातून एकाच दिशेने सतत वीज गेली की धातू विरघळायला लागतो, चांदीच्या दोऱ्यात हे लवकर दिसतं. घामानेही तेच होतं. त्यासाठी सेन्सरला वीज फक्त मोजताना द्या. दर दहा सेकंदांनी काही मिलिसेकंद पुरतात. सर्किटमध्ये वीज देणारी पिन, मग १० किलोओहमचा रोध, मग मोजणारी पिन A0, मग पट्टीवरून सेन्सर आणि ग्राउंड, असा क्रम असेल तर:

```
digitalWrite(PWR, HIGH);
delay(5);
int a = analogRead(A0);
digitalWrite(PWR, LOW);
if (a > 980 || a < 50) fault();
else r = 10000.0 * a / (1023.0 - a) - 22.0;
```

`fault()`ची ओळ गाळू नका. पट्टी तुटली तर `a` १०२३च्या जवळ जातो, आणि ही ओळ नसेल तर जॅकेट त्याला कडाक्याची थंडी समजून गप्प बसतं. दोष दाखवणारा बझरचा आवाज नेहमीच्या इशाऱ्याहून वेगळा ठेवा.

कोणी सांगेल की १०० किलोओहमचा सेन्सर घ्या, मग दोऱ्याचा रोध नगण्य होतो. ते खरं आहे. तिथे १,००० ओहम वाढूनही चूक फक्त अर्ध्या अंशाची होते. पण घामाची गळती उलट बाजूने बोकांडी बसते. दोन ओळींमध्ये घामाने समजा ५ लाख ओहमचा मार्ग तयार झाला. १० किलोच्या सेन्सरला त्याने पाव अंशाचा फरक पडतो, १०० किलोच्या सेन्सरला दोन अंशांहून जास्त. सायझिंगच्या दमट हवेत स्टीलचा दोरा आणि १० किलो हीच जोडी मी निवडीन. डीएस१८बी२० सारखा डिजिटल सेन्सर तीन ओळींवर चालतो आणि दोरा खराब झाला तर चुकीचा आकडा देण्याऐवजी बहुधा बोलतच नाही, हा त्याचा मोठा गुण. गिऱ्हाईक खर्च करत असेल तर तो घ्या, फक्त बाजारात त्याच्या नकला खूप आहेत.

आता धुण्याचं. तुमच्या नमुन्यांना नेमकं काय झालं ते विचारून घ्या. दगडावर आपटणं, ब्रश घासणं, पिळणं, ब्लीच आणि धुण्याचा सोडा, यातलं पहिलं आणि तिसरं स्टीलच्या दोऱ्यालाही मारतं, कारण बोर्ड जागेवर असतो आणि कापड त्याच्याभोवती एकाच रेघेवर दुमडत राहतं. बोअरचं पाणी जड असेल तर वडीचा साबण त्यात फुटून चिकट साय धरतो, आणि ती सैल सांध्यांत जाऊन बसते. तिथे द्रव डिटर्जंट बरा. लेबलवर इतकंच छापा: सर्किट काढा, ३० अंशांपर्यंतचं पाणी, द्रव डिटर्जंट, जाळीच्या पिशवीत नाजूक सायकल किंवा हाताने दाबून, ब्लीच नको, पिळणं नको, आडवं वाळवा. इस्त्री पट्टीवरून फिरवायची नाही. दोरीवर ओलं टांगलं तर पाण्याचा सगळा भार योकवर येतो, म्हणून आडवं.

खात्रीचा आकडा अंदाजाने देऊ नका, पाच जॅकेटं स्वतः धुवून काढा. गिऱ्हाईक मोठं असेल तर आयएसओ ६३३० या घरगुती धुलाईच्या प्रमाणित पद्धतीने धुवून मागेल, पण आधी आपल्याच मशीनमध्ये कळून येतं. धुण्याआधी, मग पहिल्या, पाचव्या, दहाव्या, पंधराव्या आणि विसाव्या धुण्यानंतर पूर्ण वाळवून दोन गोष्टी लिहा: बटणापासून बटणापर्यंतचा रोध, सेन्सरच्या जागी तारेने तात्पुरता जोड देऊन, आणि प्रत्येक सांध्याचा रोध. त्यासाठी चाचणीच्या पट्ट्यांवर सिलिकॉन देण्याआधी बोर्डाच्या दोन्ही भोकांपासून एक-एक बारीक तार बाहेर काढून ठेवा, तिचा जोडही सिलिकॉनखालीच घ्या. मीटरच्या वायरींचा रोध दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून आधी वजा करा. ओल्यावर मोजलेला आकडा धरायचा नाही.

पहिल्या धुण्यात थोडा बदल दिसतो, फेरे बसतात म्हणून. त्यानंतर आकडा सपाट राहायला हवा. २२चे ३२च्या आसपास झाले तर एक धाव तुटली आहे, पट्टी वाकवून जागा शोधा, ती बहुधा बोर्डापासून पहिल्या दोन सेंटिमीटरमध्ये सापडेल. १०० ओहम ही नापास करायची रेघ ठेवा, कारण त्याच्या अलीकडे चूक अर्ध्या अंशाच्या आत राहते. पाचही जॅकेटं विसाव्या धुण्याला या रेघेच्या आत असली तर गिऱ्हाइकाला पंधरा लिहून द्या, आणि सोळाव्याला पट्टी बदलायची किंमत त्याच कोटेशनमध्ये वेगळी दाखवा.